बाईंनी जमवलेली माया: एका मानपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये माझं डीटीपी आणि मुद्रितशोधनाचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, पतसंस्थांचे अहवाल आणि अधूनमधून मानपत्रं, असं काम चालतं. त्यातलं मानपत्र हे सगळ्यात कमी शब्दांचं आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीचं काम. अहवालातली चूक कुणी वाचत नाही. मानपत्र भर सभेत मोठ्याने वाचलं जातं आणि पुढे वीस-तीस वर्षं कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेलं राहतं.

हे प्रकरण एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभाचं आहे. शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी काढले आहेत. शब्द मात्र जसे होते तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरणच शब्दांचं आहे.

बाई 31 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या. मानपत्र लिहायचं काम शाळेतल्या एका तरुण सरांकडे आलं. सरांनी पहिला मसुदा मनापासून लिहिला आणि संस्थेच्या सचिवांना दाखवला. सचिवांनी तो वाचून एकच शेरा दिला: "सर, एका पानात आठ वेळा प्रेम? शब्दांचं दारिद्र्य दिसतं हो. जरा फिरवून लिहा."

सर घरी गेले आणि त्यांनी हाताशी होतं ते साधन काढलं. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी तेच करून घेतात. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती, समानार्थी शब्दांची. कुठल्या कुठल्या गाईडमधून आणि जुन्या याद्यांमधून उतरवलेले शब्द: पाणी म्हणजे जल, नीर, तोय, उदक, सलिल. स्त्री म्हणजे महिला, नारी, वनिता, ललना, कामिनी, अबला. परीक्षेसाठी ही वही उत्तम. तिथे 'ललना' लिहा नाहीतर 'वनिता' लिहा, गुण तेवढाच. सरांनी ती वही घेऊन मानपत्रावर बसायचं ठरवलं, आणि गुरुवारी संध्याकाळी फिरवलेला मसुदा माझ्याकडे आला. कार्यक्रम शनिवारी सकाळी दहाला होता.

मजकुरात काय बदललं होतं

सरांचा मूळ मसुदा मी नंतर मागवून घेतला. त्यातला मधला भाग असा होता:

"आदरणीय बाई, गेली 31 वर्षे आपण या शाळेवर प्रेम केलेत. कडक शिस्त आणि आईचे प्रेम यांचा मेळ आपण घातलात. 2016 साली गंगेला पूर आला, तेव्हा आपण स्वतः मुलांच्या घरी जाऊन वह्या-पुस्तके पोचवलीत. विद्यार्थ्यांचे आपल्यावरचे प्रेम आणि पालकांचे प्रेम आम्ही रोज पाहिले. 31 वर्षांत आपण अमाप प्रेम जमवलेत. अशा बाई पुन्हा होणे नाही."

साधा आहे, थोडा घोळदार आहे, पण माणसाने माणसाविषयी लिहिलेला आहे. माझ्या टेबलावर आला तो असा:

"आदरणीय महोदया, गेली 31 वर्षे आपण या विद्यालयावर प्रीती केलीत. कठोर अनुशासन आणि जननीची ममता यांचा संगम आपण घडवलात. 2016 साली गौतमीला महापूर आला, तेव्हा आपण स्वतः बालकांच्या निवासस्थानी जाऊन वह्या-पुस्तके पोचवलीत. विद्यार्थ्यांचे आपल्यावरचे वात्सल्य आणि पालकांचा अनुराग आम्ही रोज पाहिला. 31 वर्षांत आपण अमाप माया जमवलीत. अशी ललना पुन्हा होणे नाही."

वाचकहो, हसू आलं असेल तर येऊ द्या, मलाही आलं. पण या हसण्यानेच पुढे मला गोत्यात आणलं, ते सांगतो.

अडचण नेमकी कुठे होती

यादीतले शब्द चुकीचे नव्हते. प्रीती, अनुराग, वात्सल्य, माया या सगळ्यांच्या पोटात 'प्रेम' आहे, हे खरंच. समानार्थी शब्दांची यादी तेवढंच सांगते. तो शब्द कोण कुणाविषयी वापरतो, कुठल्या प्रसंगी वापरतो आणि त्याच्यासोबत कुठलं क्रियापद येतं, याबद्दल यादी गप्प असते.

आपल्याकडे अशा याद्यांची परंपरा जुनी आहे. अमरकोश मुळात पद्यात आहे. शब्द पाठ व्हावेत आणि कवीला वृत्तात बसणारा शब्द हाताशी असावा, याला ती मांडणी सोयीची. तो शब्दाचं लिंगही सांगतो. कवितेला तेवढं बऱ्याचदा पुरतं. पण त्या घरातले शब्द शाळेच्या गाईडमधून थेट रोजच्या गद्यात आणले, की तलवार घेऊन भाजी चिरायला बसल्यासारखं होतं. पाण्याचंच घ्या. 'जल' हा शब्द जलसंपदा, जलवाहिनी अशा जोडशब्दांत सुखाने नांदतो, पण हॉटेलात "एक ग्लास जल द्या" म्हणून पाहा. 'उदक' म्हटलं की आपल्याला पळी-पंचपात्र दिसतं.

आता प्रेमाच्या घराण्याकडे येतो, कारण सरांची खरी पंचाईत तिथे झाली. या शब्दांना दिशा असते. वात्सल्य वरून खाली जातं: आईचं लेकरावर, बाईंचं मुलांवर. विद्यार्थ्यांचं बाईंवर वात्सल्य असू शकत नाही, तिथे आदर असतो, फार तर भक्ती. स्नेह बरोबरीच्या माणसांत शोभतो, म्हणून स्नेहसंमेलन आणि स्नेहभोजन. प्रीती आणि अनुराग हे शब्द आज नाटका-गाण्यांतून प्रियकर-प्रेयसीकडेच गेलेले आहेत. पालकांचा बाईंवर अनुराग होता असं भर सभेत वाचलं असतं, तर मागच्या रांगेतल्या बापे मंडळींनी एकमेकांना कोपर मारलं असतं.

'जननी'चं दुखणं वेगळं. आई, माय, माता, जननी, माउली, मातोश्री हे शब्द यादीत एका ओळीत उभे असतात. पण जननी म्हणजे जन्म देणारी. बाईंनी त्या मुलांना जन्म दिलेला नव्हता, आणि तरीही आईसारखं केलं, हेच तर मानपत्राला सांगायचं होतं. तो शब्द बदलला आणि वाक्यातला जीवच गेला.

'महोदया' हा अर्जाच्या मायन्यातला शब्द. नाशिकच्या मराठी शाळेत मुलं बाईंना 'बाई' म्हणतात, आणि त्या एका शब्दात धाक, जवळीक, हक्क सगळं येतं. सरांना 'बाई' शब्द मानपत्रासाठी फार घरगुती वाटला. खरं तर अख्ख्या मजकुरात सगळ्यात अचूक शब्द तोच होता. 'अनुशासन' मराठीत चूक नाही, पण आज कानाला हिंदी लागतो. आपण 'शिस्त' म्हणतो.

आणि गौतमी. गोदावरीची ही सगळी नावं खरी: गोदा, गौतमी, दक्षिणगंगा. पण नाशिककर नदीवर जातो तेव्हा तो गंगेवर जातो. पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतो आणि म्हणतो, "गंगेला पूर आलाय." हे मानपत्र नाशिकच्या माणसांनी नाशिकच्या बाईंना द्यायचं होतं. तिथे 'गंगा' हाच शब्द बरोबर. हाच मजकूर नागपूरच्या मासिकात छापायचा असता, तर मी 'गोदावरी' केलं असतं, कारण तिथला वाचक उगाच काशीला पोचला असता.

गुरुवारी संध्याकाळचे पर्याय

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, आला तसा छापायचा. मजकुराची जबाबदारी देणाऱ्याची, असं आमच्या धंद्यात बरेच जण म्हणतात आणि पावतीवर तसं छापतातही. दुसरी, सरांचा मूळ मसुदा मागवून तोच छापायचा. पण सचिवांनी फिरवलेल्या मसुद्यावर सही केली होती, त्यांच्या परस्पर जुना छापला असता तर सरांची नोकरीतली अडचण झाली असती. तिसरी वाट, दोन्ही मसुदे शेजारी ठेवून शब्दाशब्दाने जायचं आणि जिथे बदल करू तिथे सरांना कारण सांगायचं, म्हणजे त्यांना ते पुढे सचिवांना सांगता येईल.

मी तिसरी घेतली. सरांना फोन केला. ते आले, सोबत मूळ मसुदा आणि ती वहीसुद्धा घेऊन आले. बिचारे ओशाळले होते. मी म्हटलं, "सर, तुमचं काही चुकलं नाही. वहीने तुम्हाला शब्द दिले, वापर दिला नाही."

सचिवांचा शेरा मात्र मी उडवून लावला नाही. आठ वेळा प्रेम हे खरंच जास्त होतं. पण मला दुखणं वेगळं वाटत होतं. आठ वाक्यं तीच गोष्ट सांगत होती, म्हणून आठ वेळा तोच शब्द येत होता. तिथे शब्द बदलून काय होणार? वाक्यं आठच राहतात, फक्त आठ वेषांत येतात. मी सरांना विचारलं, "बाई प्रेम करायच्या म्हणजे नेमकं काय करायच्या?" सर जरा थांबले आणि म्हणाले, "ज्या पोराला अक्षर वळत नाही, त्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि त्याचा हात हातात धरून पाटीवर गिरवून घ्यायच्या. मुख्याध्यापिका झाल्यावरही. मधल्या सुट्टीत मुलांच्या पंगतीत बसून तोच खिचडी-भात खायच्या."

दोन्ही गोष्टी मानपत्रात गेल्या. आठांपैकी काही 'प्रेम' आपोआप गळले, त्यांच्या जागी समानार्थी शब्द शोधायची गरजच उरली नाही. हा निर्णय त्या रात्रीतला सगळ्यात बरोबर निर्णय होता असं मला अजून वाटतं.

काय केलं, आणि काय निसटलं

उरलेल्या बदलांवर आम्ही एकेक करून बसलो. ललना गेली, बाई परत आल्या. जननीची आई झाली. वात्सल्याची दिशा उलटी होती, म्हणून ते वाक्य फिरवून "मुलांवरचे आपले वात्सल्य" केलं. अनुरागाच्या जागी 'जिव्हाळा' बसवला, कारण पालकांना बाईंबद्दल जिव्हाळा वाटतो असं आपण सहज म्हणतो, आणि तो शब्द सभेतही शोभतो, घरातही. 'लळा' सुचला होता, पण लळा पोरांना लागतो, पालकांना नाही. निवासस्थानाचं घर केलं. निवासस्थान कलेक्टरांचं असतं, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचं घर असतं.

एके ठिकाणी "मायाचे छत्र" असं आलं होतं. ते मी "मायेचे छत्र" केलं. अशी चूक दिसली की समजायचं, इथे शब्द उपटून दुसरा लावला आहे. माया स्त्रीलिंगी, आकारान्त, प्रत्यय लागताना तिचं 'माये' होतं. प्रेमाचं 'प्रेमा' होतं. फक्त मूळ शब्द बदलला आणि प्रत्यय तसाच राहिला, की असा सांधा दिसतो. मराठीत हा एक बरा पहारेकरी आहे, शब्द बदलला की लिंग बदलतं, आणि मग विशेषण, क्रियापद, सामान्यरूप सगळ्यांना हलावं लागतं. जे हललं नाही ते ओरडून सांगतं.

पण जे नीट हललं ते ओरडत नाही. "31 वर्षांत आपण अमाप माया जमवलीत." या वाक्यात सरांनी 'जमवलेत'चं 'जमवलीत' व्यवस्थित केलं होतं. व्याकरण गुळगुळीत, शब्द प्रेमळ, मायेचं छत्र शेजारीच. ललना आणि अनुराग पाहून मला आधीच इतकं हसू आलेलं होतं की हे वाक्य मला त्यांच्यापुढे अगदी शहाणं वाटलं. मी त्यावरून नजर फिरवली आणि पुढे गेलो. असं का झालं, हे मला नंतर कळलं. मी प्रत्येक बदल मूळ मसुद्याशी ताडून पाहत होतो. मूळ वाक्यात प्रेम आहे हे माहीत असल्यामुळे मला 'माया' वाचतानाही प्रेमच दिसत होतं. ज्याने मूळ वाचलेलं नाही, त्याला काय दिसेल हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी जाड आयव्हरी कार्डावर प्रिंट काढली, बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये बसवून शाळेत पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमारास सरांचा फोन. आवाज पडलेला. म्हणाले, "काका, घोटाळा झालाय."

शाळेतल्या मावशी, म्हणजे तिथल्या सेविका, ऑफिसात फ्रेमवर कापड गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता त्यांनी हळू आवाजात वाचायला सुरुवात केली आणि त्या ओळीशी थांबल्या. मग सरांना म्हणाल्या, "अहो सर, बाईंनी माया जमवली? म्हणजे पैसे खाल्ले का काय?"

सर इतके का घाबरले, ते त्यांनी मग सांगितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी पोषण आहाराच्या तांदळावरून बाईंविरुद्ध एक निनावी अर्ज गेला होता. चौकशी झाली, दप्तर तपासलं गेलं, काही निघालं नाही. पण ती गोष्ट सभेतल्या बऱ्याच जणांना माहीत होती. त्यांच्यापुढे बाईंना शाल-श्रीफळ देऊन सांगायचं, की आपण 31 वर्षांत अमाप माया जमवलीत!

आता 'माया' या शब्दाकडे जवळून पाहा. कुठलाही मोठा मराठी शब्दकोश उघडला तर मायेखाली भ्रम येतो, ममता येते, आणि पैसाअडकाही येतो. शिंप्याकडे गेलात तर तो शिवणीत कापड जास्त सोडतो, त्यालाही माया म्हणतो. यातला कुठला अर्थ घ्यायचा, हे क्रियापद ठरवतं. माया करणं आणि माया लावणं म्हणजे ममता. माया ठेवणं म्हणजे शिंपी. आणि माया जमवणं किंवा गोळा करणं म्हणजे पैसा, तोही बहुतेक वेळा सरळ मार्गाने न आलेला. कुठल्याशा बाबूने एवढी माया जमवली, असं आपण म्हणतो तेव्हा कुणाच्या मनात ममता येत नाही.

म्हणजे दोष खरं तर मूळ वाक्यातच दबा धरून होता. "प्रेम जमवलेत" हेही किंचित विचित्र आहे, प्रेम आपण मिळवतो किंवा संपादन करतो. पण 'प्रेम' शब्दाला पैशाचा अर्थच नसल्यामुळे 'जमवलेत' तिथे खपून गेलं. नवा शब्द आला आणि त्या क्रियापदाने त्याचा नेमका नको तो अर्थ बाहेर काढला. सरांनी एकच शब्द बदलला होता, पण वाक्य अख्खं बदललं होतं.

शुक्रवारी रात्रीचा निर्णय

सरांनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, वाचणाऱ्याला सांगायचं की ती ओळ गाळून टाक, फ्रेम तशीच द्यायची. दोन, तेवढ्याच ओळीची पट्टी छापून वरून चिकटवायची. पहिलीत बाई घरी जाऊन शांतपणे फ्रेम वाचणार, आणि तिथे त्यांच्या सोबतीला मुलं-सुना असणार, म्हणजे प्रकार आणखी वाईट. दुसरीत पट्टी काचेआडून दिसतेच, आणि पट्टी दिसली की माणूस विचार करतो, खाली काय असेल?

नवी प्रिंट काढायचं ठरलं. "31 वर्षांत आपण सर्वांचे प्रेम मिळवलेत," असं साधं वाक्य केलं. सर विचारत होते, "पण मग प्रेम पुन्हा येतंय?" म्हटलं, येऊ द्या. आता ते अख्ख्या पानात तीनच वेळा येत होतं, आणि तिन्ही ठिकाणी त्याला काम होतं.

प्रिंट काढायला दहा मिनिटं लागली, फ्रेम उघडायला पाऊण तास. फ्रेमवाल्याचं दुकान बंद झालेलं. मागची तपकिरी चिकटपट्टी ब्लेडने कापली, पक्कडीने बारा-चौदा चुका उपटल्या (या लोखंडी चुका, शब्दांच्या नव्हेत), कार्ड बदललं, काच आतून पुसली आणि पुन्हा ठोकून बसवलं. त्यातली एक चूक वाकडी गेली आणि माझ्या अंगठ्याला लागली. तेवढी शिक्षा रास्तच होती.

या वेळी मात्र बंद करण्याआधी मी एक गोष्ट केली. दुकानात शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा बसला होता, त्याने यातलं काहीच वाचलेलं नव्हतं. त्याच्याकडून सगळं मानपत्र मोठ्याने वाचून घेतलं, आणि मी मसुदा हातात न घेता नुसतं ऐकलं. तो जिथे अडखळला किंवा जिथे त्याचा सूर बदलला, तिथे मी खूण केली. दोनच ठिकाणी अडखळला आणि दोन्ही जोडाक्षरं होती.

परिणाम

शनिवारी मलाही बोलावलं होतं, मी गेलो. मानपत्र चांगलं झालं. हात धरून गिरवून घ्यायची गोष्ट आली तेव्हा पुढच्या रांगेतले काही मोठे झालेले विद्यार्थी डोळे पुसत होते. सचिवांना मजकूर पसंत पडला. नंतर ते सरांना म्हणाले की आता कसं, शब्दांत विविधता आली. प्रत्यक्षात आम्ही त्यांना न सांगता बहुतेक जुनेच शब्द परत आणले होते.

सरांनी ती वही टाकली नाही, आणि टाकायचं कारणही नव्हतं. शिष्यवृत्तीला ती लागतेच. पण त्यांनी तिच्यात उजवीकडे एक रकाना वाढवला आहे, आणि प्रत्येक शब्दासमोर तो शब्द ज्या क्रियापदासोबत जातो ते लिहीत आहेत. प्रेम करणं, माया लावणं, लळा लागणं, जिव्हाळा वाटणं, ओढ असणं. मला त्यांनी तीन-चार पानं दाखवली. 'स्त्री'च्या ओळीत 'ललना'समोर त्यांनी लिहिलंय: फक्त कवितेत, तेही जुन्या.

पुन्हा वेळ आली तर

दोन गोष्टी मी वेगळ्या करीन. पहिली, क्रम. मी आधी हास्यास्पद शब्द काढले आणि त्यात दमलो. खरं तर ललनेसाठी माझी गरजच नव्हती, ती कुणीही काढली असती. आता बदललेल्या मजकुरात मी आधी तो शब्द शोधतो जो वाचताना अडत नाही, आणि तो त्याच क्रियापदासकट दुसऱ्या दोन वाक्यांत टाकून पाहतो. "त्या अधिकाऱ्याने अमाप माया जमवली," असं एकच वाक्य गुरुवारी मनात केलं असतं, तर शुक्रवारची रात्र वाचली असती. दुसरी गोष्ट, अनोळखी कान. मजकूर बदलणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने दोघांनीही मूळ वाचलेलं असेल, तर तिसरं माणूस हवंच. मावशी त्या दिवशी योगायोगाने भेटल्या, त्यांना आधीच बोलवायला हवं होतं.

मी सरांना दटावून लावायला हवं होतं का, की शब्द बदलूच नका? मला नाही वाटत. 'जिव्हाळा' त्यांच्या वहीतूनच आला, आणि तो मूळ 'प्रेमा'पेक्षा त्या जागी जास्त नेमका बसला. यादी आठवण करून द्यायला चांगली. आपल्याला माहीत असलेला, वापरलेला, पण ऐन वेळी न सुचणारा शब्द ती पुढे करते. जो शब्द आपण स्वतः कधी बोललो नाही, कुणी बोलताना ऐकला नाही, तो तिच्यातून उचलायचा असेल तर निदान मोठ्या कोशात त्याचे सगळे अर्थ वाचल्याशिवाय उचलू नये.

एक हिशेब मात्र अजून चुकता झालेला नाही. गुरुवारी मी 'अनुशासन' काढून 'शिस्त' परत आणली, पण त्याच्या आधीचा 'कठोर' तसाच राहू दिला. 'कठोर शिस्त' हा जोड मराठीत रुळलेला आहे, अहवालात, भाषणात सर्रास येतो, म्हणून मला खटकला नाही. पण सरांनी मूळ 'कडक' लिहिलं होतं. कडक बाई म्हटलं की पोरं घाबरतात आणि हसतातही. कडक चहा असतो, कडक इस्त्री असते, त्या शब्दाला ऊब आहे. कठोर हृदय असतं, कठोर शिक्षा असते, कारवाई असते. 'करारी' केलं असतं तरी चाललं असतं.

सभेत मानपत्र वाचायला शाळेतले जुने, निवृत्त झालेले एक गुरुजी उभे होते. माझ्या हातात मजकुराची प्रत होती, मी ओळीओळीने ऐकत होतो. त्या ठिकाणी आल्यावर गुरुजी क्षणभरही न थांबता म्हणाले, "कडक शिस्त आणि आईचे प्रेम यांचा मेळ आपण घातलात." छापलेलं होतं कठोर. त्यांनी ते मुद्दाम बदललं की त्यांच्या तोंडून आपसूक आलं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. फ्रेममध्ये अजून 'कठोर'च आहे.